रफ कागदांचं झाड

नाताळची सुट्टी लागली आणि दोन दिवसांत हॉस्टेलचा वरचा मजला रिकामा झाला. गाद्या गुंडाळल्या गेल्या, कपाटांना कुलपं लागली. मागे राहिल्या दोघीच: चौथीतली रीमा आणि आठवीतली सुजाताताई.

रीमाच्या बाबांची बदली झाली होती आणि घरातलं सगळं सामान खोक्यांत बांधलेलं होतं. "नवीन घर लागलं की लगेच न्यायला येऊ. पण नाताळला नाही गं जमणार," आई फोनवर म्हणाली. रीमा "बरं" म्हणाली आणि तिने फोन रेक्टर मॅडमच्या हातात दिला.

घरचं झाडही एखाद्या खोक्यात असणार. म्हणून तिने नवीन करायला घेतलं.

कागदाला तोटा नव्हता. जाण्याआधी सगळ्या मुलींनी टेबलं आवरली होती आणि कॉरिडॉरमधली टोपली रफ वह्यांच्या पानांनी ओसंडून वाहत होती. खोडलेले भागाकार, अर्धवट नकाशे, कुणाच्या तरी शिक्षेच्या ओळी. रीमाने मांडीवर एकेक पान हाताने सपाट केलं आणि कंपासपेटीतलं कर्कटक काढलं. सगळ्यात मोठ्या वर्तुळाची त्रिज्या पाच सेंटिमीटर, मग साडेचार, मग चार, असं करत एकपर्यंत. प्रत्येक वर्तुळाची तीनदा घडी घालायची, कडेला कात्रीने बारीक चिरा द्यायच्या आणि घडी उलगडायची. मधोमध कर्कटकाच्या टोकाचं भोक आधीच पडलेलं असायचं. ते थोडं मोठं केलं की खोड ओवायला जागा तयार.

खोड म्हणजे संपलेल्या पेनाची रिफील. ती खोडरबरात खुपसली तेव्हा झाड उभं राहिलं, पण सगळे थर घसरून खाली एकावर एक बसले. रीमा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने कागदाच्या अरुंद पट्ट्या कापल्या, त्या गुंडाळून डिंकाने चिकटवल्या, त्यांचे मणी केले आणि दोन थरांच्या मध्ये एकेक मणी ओवला. आता थर आपापल्या जागी राहिले. लहान मुलं अशी अडचण कुणालाही न विचारता सोडवतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. पण बघायला तिथे कुणी नव्हतं.

साडेचारचं वर्तुळ कापून झालं तेव्हाच तिचं लक्ष त्यावरच्या अक्षरांकडे गेलं होतं. "…इथे अजिबात करमत नाही. तू एकदा तरी…" पुढचं कात्रीत गेलं होतं. अक्षर उजवीकडे झुकलेलं, वेलांट्या लांबलचक. सुजाताताईचं.

सुजाताताई म्हणजे रात्री छोट्या मुलींची पांघरुणं सारखी करणारी. रडणाऱ्या मुलीला "होते गं सवय" म्हणून आपल्या शेजारी झोपवणारी.

रीमाने ते वर्तुळ उलटं करून, अक्षरं खालच्या बाजूला ठेवून ओवलं होतं. आता वर पेन्सिलीच्या साली चिकटवल्या. टोकयंत्रातून अखंड निघालेल्या, लाल-काळ्या काठाच्या साली चिरांमध्ये अडकवल्या की फुलंच वाटत होती. चॉकलेटच्या चांदीचा तारा टोकाला बसवला आणि झाड टेबलावर ठेवलं.

सुजाताताई आंघोळ करून आली आणि दारातच थांबली. "हे तू केलंस? एकटीने?" ती जवळ आली. खाली सांडलेल्या साली गोळा करायला म्हणून वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"हे कुठे मिळालं तुला?"

"टोपलीत," रीमा म्हणाली. "कापायच्या आधी वाचलं नव्हतं मी. खरंच. काढू का?"

ताई काही बोलली नाही. तिने बोटाने तो थर जरासा उचलला. कागद पातळ होता, उजेडात अक्षरं आरपार दिसत होती.

"उलटं का लावलंस?"

"कुणाला दिसू नये म्हणून."

"इथे आहे कोण बघायला?" ताईचा आवाज जरा चिरकला. "सुलट लाव."

"मग वरचे सगळे थर काढावे लागतील."

"काढू या."

दोघींनी तारा उतरवला, थर आणि मणी क्रमाने टेबलावर मांडले. साडेचारचं वर्तुळ अक्षरं वर करून परत ओवताना रीमा म्हणाली, "मला पण फोनवर रडायचं होतं. आई आधीच दमलेली वाटत होती, म्हणून नाही रडले."

ताईने टोपलीतून एक कोरं पान शोधलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"सगळ्यात खाली अजून एक थर हवा. त्याची त्रिज्या किती?"

"साडेपाच."

"मग भरपूर जागा आहे. लिही."

रीमाने पेन उघडलं. "आणि मण्यांसाठी पट्ट्या तू काप," ती म्हणाली, "बारीक हव्यात हं."