किचनमधल्या सगळ्यांना, उरलेल्या भाताबद्दल आणि डाळीबद्दल

मामा, दोन्ही अक्का आणि रात्रपाळीची पोरं,

बसून बोलू म्हटलं तर एकजण मार्केटला गेलेला असतोय आणि दुसरा शेगडीपुढं, म्हणून लिहायलोय. धाकट्या अक्कांना मराठी वाचायला जमत नाही, त्यांना मामांनी कन्नडमध्ये सांगायचं, आणि अर्धं नाही, सगळं सांगायचं.

गेल्या शुक्रवारचं तुम्हाला माहीतच हाय. साडेसातला रात्रीच्या भाताचं चित्रान्न झालं आणि दहा-साडेदहाला मेसमध्ये जेवणारी सहा पोरं ओकायला लागली, दुपारपर्यंत निवळली म्हणून बरं. डॉक्टर म्हणाले रात्रीच्या भाताचं असू शकतं. आता ह्यात तुमच्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही, कारण भात टोपातच ठेवा, वर घट्ट झाकण घाला, मांजर येतंय, असं मीच सांगितलेलं. तेच चुकलं.

आपण सगळे काय समजतो, सकाळी परत चांगला तापवला की झालं, जे काय असेल ते मरतंय. डाळीच्या बाबतीत हे थोडं तरी खरं हाय, भाताच्या बाबतीत नाही. तांदळातच एक जंतू असतोय, बॅसिलस सेरियस म्हणतात, तो शेतातल्या मातीतनंच येतोय, कितीही धुवा. भात शिजताना जंतू मरतोय पण त्याचं बी मरत नाही. मग भात तासन् तास कोमट पडून राहिला की ते बी उगवतंय, वाढतंय आणि भातात विष सोडतंय. आणि हे विष नंतर उकळून, परतून, फोडणी देऊन कशानं जात नाही. वास येत नाही, बुळबुळीत लागत नाही, चवीला भात एकदम बरोबर. म्हणून अक्का, हुंगून बघून "चांगला हाय की" म्हणायचं आता बंद. भात सकाळी वाचवता येत नाही, तो रात्रीच वाचवायचा असतोय.

शनिवारी मी मुद्दाम करून बघितलं. रात्री 9 ला शिजलेला, अर्धा उरलेला मोठा टोप झाकून ठेवला आणि 12 ला थर्मामीटर घातला, कडेला 41 डिग्री आणि मधोमध 64. बाहेर पाऊस, गार वारा, स्वेटर घालायची पाळी, आणि टोपाच्या पोटात अजून वाफ! बेळगावची हवा गार हाय म्हणून भात गार होतोय हा भ्रम माझा पण होता. 60 ते 5 डिग्रीच्या मधलं जे हाय त्यात जंतूंची चंगळ, आणि असला टोप रात्रभर तिथंच लोळतोय.

म्हणून आजपासून जेवण संपलं की उरलेला भात लगेच परातीत आणि स्टीलच्या ट्रेमध्ये पसरायचा, दोन इंचापेक्षा जाड थर नको, चमच्यानं सैल करायचा, हातानं नाही. वाफ आहे तोवर झाकण नको, वर जाळी ठेवा, फॅनखाली ठेवा (पंख्याची पाती आधी पुसा, ती धूळ भातात नको). दोन तासांत 60 वरनं 21 च्या खाली यायला पाहिजे, एवढा पातळ पसरला तर त्याच्या आधीच येतोय. मग झाकून फ्रीजमध्ये, आणि पुढच्या चार तासांत 5 डिग्रीपर्यंत उतरला पाहिजे. दोन तासांत 21 च्या खाली आला नाही तर तो भात टाकायचा. अन्न टाकायचं जीवावर येतंय, मला पण येतंय, आमच्या आईनं तर मला शिव्या घातल्या असत्या, पण घरचा वाटीभर भात पटकन गार होतोय, आपला टोप होत नाही, हा फरक हाय.

डाळीचं वेगळं. डाळ पसरता येत नाही, आणि घट्ट डाळ तर भातापेक्षा जास्त वेळ ऊब धरून ठेवते. तिच्यात दुसरा जंतू वाढतोय, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, त्याला मोठं भांडं आणि सावकाश गार होणं म्हणजे सासुरवाड. खाल्ल्यावर आठ-बारा तासांनी पोटात कळा आणि जुलाब. तर डाळ तीन-चार लहान भांड्यांत वाटून घ्यायची, ती भांडी धुण्याच्या टबात गार पाण्यात ठेवायची, पाणी गरम झालं की बदलायचं, आणि स्वच्छ डावानं मधून मधून ढवळायचं. डावाचं काम मुकाट्यानं रात्रपाळीच्या पोरांनी करायचं, मोबाईल बघत केलं तरी चालतंय. बर्फाची लादी आणली तर ती भांड्याबाहेर टबात, डाळीत कधीच नाही. उरायची डाळ शक्यतो फोडणी न देता ठेवा, सकाळी फोडणी द्या.

फ्रीजमध्ये शिजलेलं वरच्या फळीवर, कच्चं मटण-मासे खाली. ट्रेवर ट्रे चिकटवून रचू नका, मध्ये हवा फिरू द्या, आणि उकळता टोप आत ढकलायचा नाही, बाकी सगळं तापतंय. प्रत्येक ट्रेवर चिकटपट्टी लावून वार आणि वेळ लिहा, भात दुसऱ्या दिवशी संपवायचा, 24 तास झाले की टाकायचा. लाईट गेली तर दार उघडायचं नाही. चार तासांपेक्षा जास्त गेली तर आतला भात आणि डाळ दोन्ही काढून टाकायची, विचारायला मला फोन करू नका, टाका.

परत तापवताना मधोमध 75 डिग्री झाली पाहिजे. भाताला थोडं पाणी शिंपडून लहान लहान घाण्यात झाकून, किंवा सरळ इडलीच्या कुकरात वाफवा, त्यात कोरडा पण होत नाही. डाळ कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळली नाही, तळापासून ढवळत मधोमध खदखदू द्या, मग दोन मिनिटं तशीच. एकदा तापवलेलं उरलं की परत फ्रीजमध्ये नाही, आणि जुनी डाळ नव्या डाळीत ओतायची नाही. दहीभात ताज्या भाताचाच. आणि वाढताना डाळ मंद आचेवर 60 च्या वर राहू द्या, भात एकदम सगळा न शिजवता दोन वेळा लावा, दुसरा साडेआठला.

थर्मामीटर मिठाच्या बरणीशेजारी खिळ्याला टांगलाय. घालायच्या आधी आणि नंतर उकळत्या पाण्यानं धुवा. उकळत्या पाण्यात तो 97-98 दाखवतोय, बिघडला म्हणून परत आणू नका, आपलं गाव समुद्रापासून साधारण 750 मीटर उंच हाय, इथं पाणी 100 च्या आधीच उकळतंय. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवला की बरोबर.

शनिवारी निम्मी पोरं खानापूर, निपाणी, चंदगडला घरी जातात आणि आपण भात तेवढाच लावतोय, उरतंय ते तिथनंच. ह्या शनिवारपासून पाच वाजता रजिस्टर बघून मी आकडा मामांना देईन, त्याप्रमाणं तांदूळ काढा. ज्याचं पोट बिघडलंय त्यानं किचनमध्ये यायचं नाही, पगार कापणार नाही.

तुमचा,
मेस सुपरवायझर