ठाणे खाडी प्रकल्प अहवाल: 6 ऐवजी 12 फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळण्याबाबत

आदरणीय मॅडम,

नमस्कार.

ठाणे खाडीच्या पाण्यावरचा माझा प्रकल्प अहवाल शुक्रवारी, 6 फेब्रुवारीला द्यायचा आहे. मला गुरुवार, 12 फेब्रुवारी, संध्याकाळी 5 पर्यंत मुदत हवी आहे.

कारण एकच आहे. 20 जानेवारीला विटावा आणि ऐरोली पूल इथे ओहोटीला घेतलेल्या नमुन्यांचं बीओडीचं रीडिंग वापरण्याजोगं नाही. तीन दिवसांनी बाटल्या काढल्या तेव्हा दोन्हीकडे डीओ शून्य निघाला. 23 तारखेला मी तो आकडा वहीत लिहिला आणि पुढे गेले. काल तक्ता भरायला बसले तेव्हा त्याचा अर्थ ध्यानात आला. वेळीच पाहिलं असतं तर आज हा मेल करावा लागला नसता.

ते दोन नमुने पुन्हा घ्यावे लागतील. आपली पद्धत 27 अंशांवर तीन दिवसांची असल्याने गुरुवारी नमुने घेतले तर रीडिंग रविवारी येतं आणि त्या दिवशी लॅब बंद असते. म्हणून शुक्रवारी सकाळच्या ओहोटीला नमुने घेऊन सोमवारी, 9 तारखेला रीडिंग घेईन. मंगळवार-बुधवारी तक्ते, आलेख आणि चौथं प्रकरण पूर्ण करून गुरुवारी अहवाल देईन. इनक्युबेटर त्या दिवसांत रिकामा आहे, लॅबमधल्या दादांना विचारून घेतलं आहे.

मुदत देणं शक्य नसेल तर शुक्रवारीच अहवाल देईन. त्यात या दोन जागांचे बीओडीचे रकाने कारण लिहून कोरे ठेवीन. नोव्हेंबरचे आकडे तिथे भरणार नाही. मुदत मिळूनही उशिराचे गुण कापले जाणार असतील तर माझी हरकत नाही.

गुरुवारी दुपारपर्यंत कळवलंत तर बाटल्या आणि रसायनं त्याच दिवशी तयार करून ठेवता येतील.

आपली विद्यार्थिनी,
मयूरी
एम. एस्सी. पर्यावरणशास्त्र, भाग 2, रोल नंबर 27

सोबत: पहिल्या तीन प्रकरणांचा मसुदा, 20 आणि 23 जानेवारीच्या नोंदींच्या पानांचे फोटो

तपशील (सवडीने पाहिलात तरी चालेल)

काय झालं: नोव्हेंबरच्या फेरीत सगळीकडे बीओडी 10 च्या आत होता. त्याच अंदाजाने जानेवारीतही 300 मिलिलिटरच्या बाटलीत 150 मिलिलिटर नमुना घेतला, म्हणजे दुप्पट विरलन. ओहोटीला खाडीत समुद्राचं पाणी कमी आणि नाल्यांचं जास्त असतं, तेव्हा एवढं विरलन पुरलं नाही. ऐरोलीच्या बाटलीत सुरुवातीचा डीओ 5.9 होता, तो पूर्ण संपला. त्यावरून बीओडी 11.8 मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त एवढंच म्हणता येतं, नेमका किती ते नाही. रीडिंग ग्राह्य धरायला शेवटी किमान 1 डीओ उरायला हवा आणि घट किमान 2 ची हवी.

आता काय करणार: प्रत्येक नमुन्याची दोन विरलनं, 60 मिलिलिटर (पाचपट) आणि 30 मिलिलिटर (दहापट). दर विरलनाच्या तीन बाटल्या, एक त्याच दिवशी डीओ काढायला आणि दोन इनक्युबेटरमध्ये. दोन जागांच्या मिळून 12, शिवाय नुसत्या विरलनाच्या पाण्याच्या 2, अशा 14 बाटल्या होतात. साधारण 10 ते 50 पर्यंतचा बीओडी यात पकडता येईल. डीओसाठीच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड विरलन होताच घालीन. उशीर झाला तर डीओ बदलतो.

एक मर्यादा राहील: 20 जानेवारी अमावस्येनंतरचा दुसरा दिवस होता, 6 फेब्रुवारी पौर्णिमेनंतरचा पाचवा आहे. उधाण ओसरलेलं असल्याने ओहोटी तितकी खोल नसेल आणि बीओडी थोडा कमी दिसू शकतो. वाशी पुलाच्या जानेवारीच्या आकड्याशी तुलना करताना तक्त्याखाली तशी टीप देईन. तिन्ही जागांचे नमुने एकाच दिवशी नव्याने घ्यावेत असं आपल्याला वाटत असेल तर वाशीही शुक्रवारीच करता येईल. सहा बाटल्या वाढतील, तारीख तीच राहील.

बाकी काम: भरतीचे सर्व नमुने, पीएच, क्षारता आणि गढूळपणा दोन्ही फेऱ्यांचे पूर्ण आहेत. चौथ्या प्रकरणातला बीओडीचा भाग आणि निष्कर्ष एवढंच लिहायचं राहिलं आहे.