नमुन्यांच्या सरासरीला घंटेचा आकार कुठून येतो?
पदवीच्या पहिल्या वर्षासाठी, संख्याशास्त्र: केंद्रीय सीमा प्रमेय

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना कधी गेला असाल, तर आवक कशी विस्कळीत असते ते पाहिलं असेल. बहुतेक शेतकरी एक-दोन पोती घेऊन येतात. अधूनमधून एखादा ट्रॅक्टर भरून आणतो. एका दिवशीच्या शेतकऱ्यांची पोत्यांप्रमाणे मांडणी केली, तर डावीकडे उंच ढीग आणि उजवीकडे लांबलचक शेपूट दिसेल. घंटेसारखा आकार औषधालाही सापडणार नाही.

आपल्याला हिशेब हाताने करता यावा म्हणून ही आवक दहा चिठ्ठ्यांत बसवू. आकडे माझे आहेत, यार्डाचे नाहीत:

१, १, १, २, २, २, ४, ६, १०, २१

बेरीज ५०, म्हणून सरासरी ५ पोती. दहांपैकी सात चिठ्ठ्या सरासरीच्या खाली आहेत आणि ५ ही संख्या तर एकाही चिठ्ठीवर नाही. वर्गांची बेरीज ६०८. म्हणून विचरण ६०.८ − २५ = ३५.८ आणि प्रमाण विचलन σ जवळजवळ ६. सरासरीपेक्षा प्रमाण विचलन मोठं, म्हणजे माल किती वेडावाकडा आहे बघा.

आता डब्यातून एक चिठ्ठी काढायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची, डबा हलवायचा. असं n वेळा करून त्या n आकड्यांची सरासरी काढायची. हा झाला एक नमुना आणि एक नमुना-सरासरी. हाच उद्योग पुन्हा पुन्हा केला तर सरासऱ्यांचा एक नवा ढीग तयार होईल. केंद्रीय सीमा प्रमेय, म्हणजे तुमच्या प्रॅक्टिकलच्या वहीतलं सेंट्रल लिमिट थिअरम, या दुसऱ्या ढिगाबद्दल बोलतं. दरवर्षी उत्तरपत्रिकेत "नमुना मोठा घेतला की माहिती नॉर्मल होते" असं वाक्य येतं. ते चूक आहे. छत्तीस शेतकरी घ्या की छत्तीस हजार, त्यांच्या पोत्यांचा आलेख तसाच डावीकडे चढलेला राहणार. प्रसामान्य, म्हणजे नॉर्मल किंवा घंटेच्या आकाराची, होते ती सरासरी.

का होते, ते n = ४ पासून पाहू. एकच चिठ्ठी काढली तर १ येण्याची शक्यता ०.३. पण चार चिठ्ठ्यांची सरासरी १ यायची असेल तर चारही चिठ्ठ्या १ च्याच हव्यात: ०.३ चा चौथा घात, म्हणजे ०.००८१. डावीकडचा जो ढीग एवढा उंच होता, त्याचं टोक एक टक्क्याच्याही खाली आलं. दुसऱ्या टोकाला सरासरी २१ यायची तर चारही वेळा २१ च हवी, दहा हजारांत एकदा. टोकाला पोचायचा रस्ता एकच असतो. मधल्या सरासऱ्यांना मात्र असंख्य रस्ते: थोडे लहान आकडे, एखादा १०, एखादा ४, कुठल्याही क्रमाने. शक्यता मध्याकडे सरकते ती अशी रस्त्यांच्या मोजणीतून.

तरी n = ४ ला घंटा अजून दूर आहे. चारपैकी एकही २१ न येण्याची शक्यता ०.९ चा चौथा घात, ०.६५६. म्हणजे दोनतृतीयांश नमुन्यांना मोठा शेतकरी भेटतच नाही आणि ज्यांना भेटतो त्यांची सरासरी एकदम वर उडते. n = ३६ ला चित्र बदलतं. एकही २१ नसलेले नमुने जेमतेम सव्वादोन टक्के उरतात आणि नमुन्यात सरासरी ३.६ वेळा २१ येते. प्रत्येक नमुन्यात लहान-मोठ्यांचं मिश्रण साधारण सारखंच असतं, फरक थोडाथोडा आणि दोन्ही बाजूंना.

पण मध्ये फुगलेला आकार घंटेचाच का? त्रिकोण का नाही? इथे पाठ्यपुस्तकं बहुधा हात वर करतात, म्हणून थोडं थांबू. मूळ वितरणाच्या आकाराचे बारकावे सरासरी घेताना वेगवेगळ्या वेगाने पुसले जातात. आपल्या चिठ्ठ्यांची विषमता, म्हणजे आकार एका बाजूला किती कललेला आहे ते, मोजली तर सुमारे १.८४ येते. n आकड्यांच्या सरासरीची विषमता त्याच्या √n पट कमी, म्हणून n = ३६ ला १.८४ ÷ ६, म्हणजे ०.३१ च्या आसपास. शिखराचा टोकदारपणा तर याहून लवकर, n च्या पटीत, प्रसामान्याच्या जवळ येतो. सरासरीचं माप मोजताना उरतात दोनच गोष्टी, मध्य आणि पसरण. आणि प्रसामान्य वितरणाचा गुण असा, की दोन स्वतंत्र प्रसामान्य संख्यांची बेरीज पुन्हा प्रसामान्यच येते. म्हणून बेरीज वाढवत नेताना आकार तिथे पोचला की तिथेच मुक्काम करतो. नाण्याच्या फेकींसाठी ही गोष्ट द म्वाव्र याने १७३३ मध्ये दाखवली, लाप्लासने ती पुढे व्यापक केली.

प्रमेय आता नीट लिहू. निरीक्षणं स्वतंत्र, एकाच वितरणातली, सरासरी μ आणि सान्त प्रमाण विचलन σ असेल, तर n मोठा झाला की नमुना-सरासरीचं वितरण जवळपास प्रसामान्य होतं. त्याचा मध्य μ आणि प्रमाण त्रुटी

σ/√n

आपल्या डब्यासाठी n = ४ ला ३, n = ९ ला २, n = ३६ ला १. त्रुटी निम्मी करायची तर नमुना चौपट.

"n ३० पेक्षा जास्त असला की झालं" हा नियम मला आवडत नाही. n = ९ ला मध्यापासून दोन त्रुटी खाली गेलो तर ५ − ४ = १. घंटेचं सुमारे अडीच टक्के क्षेत्र त्याच्याही खाली पडतं, पण एक पोत्याखाली सरासरी येऊच शकत नाही. अर्थात तिथे घंटा बसत नाही. मूळ माल समतोल असेल, उदाहरणार्थ फाशाचे आकडे, तर पाच-सहा फाशांनाही काम भागतं. माल जितका एकांगी, तितका n मोठा लागतो.

एक उदाहरण सोडवू. ३६ शेतकऱ्यांची सरासरी ६.५ पोत्यांहून जास्त असण्याची शक्यता किती? z = (६.५ − ५) ÷ १ = १.५, कोष्टकातून ०.०६६८. उजवीकडे उरलेल्या विषमतेमुळे खरी शक्यता याहून किंचित जास्त आहे. संगणकावर पडताळा:

```python
import random
poti = [1,1,1,2,2,2,4,6,10,21]
n = 36
m = [sum(random.choices(poti, k=n))/n
     for _ in range(10000)]
print(sum(m)/len(m))
print(sum(3 <= x <= 7 for x in m)/len(m))
```

पहिला आकडा ५ च्या जवळ, दुसरा ०.९५ च्या आसपास येईल.

अटींपैकी परीक्षेत सगळे विसरतात ती स्वातंत्र्याची. यार्डात सकाळी एका गावाहून एकाच टेम्पोने आलेले ३६ शेतकरी घेतले तर ते ३६ स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. त्या गावात पाऊस नडला असेल तर सगळ्यांचीच पोती कमी. σ/√n तिथे त्रुटी प्रत्यक्षाहून लहान दाखवतं आणि n कितीही वाढवला तरी ही चूक भरून निघत नाही.

स्वाध्याय

१. प्रमाण त्रुटी ०.५ पोती हवी असेल तर किती शेतकरी लागतील?

२. दोन चिठ्ठ्यांच्या सर्व १०० जोड्यांची सरासरी काढून आलेख काढा. सरासरी २ किंवा त्याहून कमी येणाऱ्या जोड्या ३६ भरतात का, ते मोजा.

३. वरच्या प्रोग्रॅममध्ये n = 4 ठेवून आलेख काढा. शिखरं किती दिसतात आणि कुठे, ते २१ च्या चिठ्ठीच्या आधारे स्पष्ट करा.