पहिला पगार हातात येण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू कामावर रुजू होशील. झोप, तब्येत यावर बोलून झालंय, आणि त्यातलं निम्मं तू ऐकणार नाहीस हेही ठाऊक आहे. हे पत्र फक्त पैशांबद्दल. फोनवर सांगितलं असतं तर ‘हो गं आई’ म्हणून विषय संपवला असतास.

पगार जमा होईल त्याच दिवशी त्यातले 20 टक्के दुसऱ्या खात्यात जाऊ देत. महिनाअखेर उरेल ते साठवू म्हटलं की काहीच उरत नाही. बँकेला एकदा सूचना देऊन ठेव, रक्कम आपोआप वळती होईल. त्या खात्याचं कार्ड खिशात बाळगू नकोस. आधी तीन ते सहा महिन्यांचा खर्च साठव. नोकरी सुटली, आजारपण आलं, तर हात पसरावा लागू नये. हे पैसे जास्त व्याजाच्या मोहात अडकवू नकोस, हवे तेव्हा काढता आले पाहिजेत. पुढचं म्हातारपणासाठी. आत्ता हसशील, पण तुला गणित आवडतं म्हणून सांगते: दरवर्षी सारखीच रक्कम टाकली आणि 8 टक्के वाढ धरली, तर 25 व्या वर्षी सुरू करणाऱ्याकडे साठीला जेवढे जमतात, त्याच्या निम्मेही 35 व्या वर्षी सुरू करणाऱ्याकडे जमत नाहीत. 8 टक्के मिळतीलच असं नाही. हिशेब मात्र करून बघ.

रोज खर्च लिहिणं तुझ्याच्यानं होणार नाही. रविवारी दहा मिनिटं खात्यातले व्यवहार वाच, तेवढं पुरे. फुकटचा पहिला महिना संपून गुपचूप चालू झालेल्या वर्गण्या तिथेच सापडतात.

क्रेडिट कार्डाला माझी ना नाही. बिलावर मात्र दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान भरलं की उशिराचा दंड टळतो, आणि माणसाला वाटतं बिल भरलं. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच असतं. बहुतेक कार्डांवर मग नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. महिना 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. चक्रवाढीने तेच वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातात. एका हाताने 8 टक्क्यांसाठी साठवायचं आणि दुसऱ्याने 42 टक्के मोजायचे, हा कुठला शहाणपणा? पूर्ण बिल आपोआप भरलं जाईल अशीच सोय कर. कार्डावरून रोख तर काढूच नकोस, त्यावर सहसा पहिल्याच दिवसापासून व्याज लागतं.

बाकीचे पैसे खुशाल उडव. खरंच. नवे बूट घे, मित्रांबरोबर फिरून ये, त्याचा हिशेब मी मागणार नाही. आम्हाला पाठवायचीही घाई नको, बाबांचं आणि माझं नीट चाललंय.

कुणी कर्जाला जामीन राहा म्हणालं, तर मात्र सही करण्याआधी मला फोन कर. रात्री बारा वाजता केलास तरी चालेल.

तुझी,
आई