कर्मचारी सभेतील प्रास्ताविक, सोलापूर, डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. पहिली पाळी संपवून थांबलेल्या आणि दुसरीसाठी लवकर आलेल्या सगळ्यांचे आभार. या वेळेचा पगार मिळेल, हे आधीच सांगतो.

वर्ष वाईट गेलं. आपल्या दहा टॉवेलांतले सहा अमेरिकेला जायचे. ७ ऑगस्टला तिथे भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लागलं, २७ ऑगस्टला ते ५० टक्के झालं. आपल्याला शंभर रुपयांमागे पाच-सहा रुपये सुटतात. एवढा बोजा आपणही उचलू शकत नव्हतो आणि तिकडचा खरेदीदारही. सप्टेंबरात दोन मोठ्या ऑर्डरी थांबल्या. त्यातल्या एकीचा माल शिवून, खोक्यांत भरून तयार होता. तो अजून गोदामात पडून आहे.

पुढचं तुम्ही सोसलंय. तिसरी पाळी बंद झाली, ओव्हरटाइम गेला. दिवाळीला कायद्याने द्यावाच लागतो तो ८.३३ टक्के बोनस दिला, नेहमीपेक्षा कमी. आणि ३८ कंत्राटी कामगारांना घरी बसावं लागलं. त्यातले कितीतरी तुमचे भाऊ, मेव्हणे, शेजारी आहेत. काम वाढेल तेव्हा पहिला फोन त्यांनाच जाईल. तशी यादी कामगार समितीकडे लेखी दिली आहे.

आणखी कुणाला काढणार का? मार्चअखेरपर्यंत नाही. त्यापुढचा शब्द आज दिला तर तो खोटा ठरू शकतो, म्हणून देत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हातात किती ऑर्डरी आहेत ते याच शेडमध्ये तुमच्यासमोर मांडेन. पगार ७ तारखेलाच होईल. पीएफ एकाही महिन्याचा थकलेला नाही.

आता पुढचं. जुलैत ब्रिटनशी व्यापार करार झाला. तो लागू झाला की आपल्या टॉवेलवरचं तिथलं आयात शुल्क उठेल. पण तिथल्या खरेदीदारांना हलका, लवकर वाळणारा टॉवेल हवाय आणि आपला हात बसलाय जाड मालावर. त्यासाठी लूम खात्याने सूत बदललं, फंदा आखूड केला. पहिल्या दोन लॉटमध्ये रंग जुळेना. डाईंगच्या मंडळींनी रात्री थांबून तिसऱ्या लॉटला छटा बरोबर आणली, आणि तेच नमुने दोन खरेदीदारांकडे गेलेत. मला या कामाचा फार अभिमान वाटतो. ऑर्डर अजून आलेली नाही, हेही खरं.

देशातल्या हॉटेलांची आणि रुग्णालयांची कामंही आपण घेतोय. दर कमी मिळतो, पण लूम चालू राहतात. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. ते लेबल आपण देशातल्या मालावर आजवर नीट वापरलंच नाही. जानेवारीपासून वापरू.

अमेरिका सोडायची नाही, पण एकाच देशावर पुन्हा एवढं विसंबायचंही नाही.

माझं एवढंच. हिशेबाची माणसं आकडे घेऊन इथेच बसली आहेत. तेलुगूत विचारलंत तरी चालेल. शिवण खात्यातल्या ताईंना दर वेळी शेवटी वेळ मिळतो, तेव्हा आज पहिला प्रश्न त्यांचा. माईक तिकडे द्या.