कैलासाखालचा रावण : वेरूळच्या रावणानुग्रह शिल्पातील भक्ताची प्रतिमा

वेरूळच्या कैलास लेण्यात (क्र. 16) मंडपाच्या दक्षिण अंगाला, अंगणातून चालणाऱ्याच्या समोर येईल इतक्या खाली, रावण कैलास हलवताना कोरला आहे. रावणाच्या गर्वाचे शिल्प म्हणून ते बहुतेकांना ठाऊक असते. मूर्तिशास्त्र मात्र या प्रकाराला ‘रावणानुग्रह’ म्हणते आणि अनुग्रहमूर्तींच्या वर्गात ठेवते. शिव ज्याच्यावर कृपा करतो तो भक्त, अशी या वर्गाची अट आहे. चंडेशानुग्रह हा त्याच वर्गातला. मार्कंडेयाचे रक्षण संहारमूर्तींत मोजले जाते, तरी तिथेही कृपा होते ती भक्तावरच. पण चंडेश देवापुढे नम्रपणे बसतो, मार्कंडेय लिंगाला मिठी मारतो. रावण मात्र देवाचे घरच उपटू पाहतो. अशा पात्राला भक्त म्हणून दाखवायचे तर शिल्पकाराकडे कोणती साधने होती? या निबंधाचे म्हणणे असे, की कैलास लेण्यात हे काम रावणाच्या मुद्रेपेक्षा त्याच्या जागेने आणि कोरीवकामाच्या खोलीने केले आहे.

आधी शिल्पात काय दिसते ते पाहू. रचना दोन थरांची आहे. वरच्या थरात शिव आणि पार्वती बसलेले आहेत. पार्वती घाबरून शिवाकडे कलली असून तिने त्याचा हात धरला आहे. तिच्यामागे एक दासी पाठ फिरवून पळते आहे. शिवाच्या देहात मात्र तणाव नाही. खालच्या थरात खडक आत खोल पोखरून गुहेसारखी पोकळी केली आहे. तिच्यात रावण गुडघा टेकून, चहूकडे हात पसरून पर्वताला भिडला आहे. वरच्या आकृती पाठच्या खडकाला धरून आहेत, तर रावण जवळजवळ सर्व बाजूंनी मोकळा कोरला आहे. त्याचे कित्येक हात तुटले आहेत, आणि इथे जपून वाचावे लागते : जिथे मनगट उरलेले नाही तिथे हस्तमुद्रेवर निष्कर्ष उभारता येत नाही. तुटलेला हात नमस्काराचा होता असे म्हणणे आकर्षक असले तरी त्याला आधार नाही.

हीच कथा वेरूळमध्ये इतरत्रही आहे : धुमार लेणे (क्र. 29), रामेश्वर (क्र. 21) आणि क्र. 14, ज्याचे ‘रावण की खाई’ हे नावच या शिल्पावरून पडले. घारापुरीलाही ती आहे. क्र. 14 मध्ये हा पट दक्षिण भिंतीवर महिषासुरमर्दिनी, सारीपाट खेळणारे शिव-पार्वती आणि नटेश यांच्या ओळीत, अर्धस्तंभांच्या चौकटीत बसवला आहे. तिथे तो शिवाच्या अनेक लीलांपैकी एक आहे आणि पाहणारा एका पटावरून दुसऱ्याकडे सरकतो. क्र. 16 मधल्या रावणाला अशी चौकट पुरत नाही. इथे वर उभे असलेले देऊळ स्वतःच कैलास आहे. रावण कोरलेल्या पर्वताखाली आहे आणि खऱ्या मंदिराखालीही आहे. शिल्प आणि वास्तू यांच्यातली सीमा शिल्पकाराने मुद्दाम पुसली, असे मला वाटते. छायाचित्रात पट सुटा कापला की नेमकी हीच गोष्ट हरवते.

ग्रंथांचा पुरावा तीन ठिकाणांहून घेता येतो, आणि त्यांचे वजन सारखे नाही. रामायणाच्या उत्तरकांडात पुष्पक विमान अडते, रावण पर्वत उचलतो, शिव अंगठ्याने दाबतो. वेदनेने ओरडलेला रावण हजार वर्षे स्तुती करतो आणि प्रसन्न झालेला शिव त्याला ‘रावण’ हे नाव आणि चंद्रहास खड्ग देतो. अनुग्रहाचा हा भाग दगडात कुठेच नाही. शिल्पाने हादऱ्याचा क्षण निवडला आहे. कालिदासाच्या मेघदूतात दशमुखाच्या बाहूंनी सांधे खिळखिळे झालेला कैलास येतो, त्यातून एवढेच ठरते की वेरूळच्या कितीतरी आधी ही कथा सर्वांच्या परिचयाची होती. तिसरा उल्लेख सर्वांत उपयोगाचा आहे. माघाच्या शिशुपालवधात पर्वत हलताच घाबरलेली पार्वती आपणहून शिवाला बिलगते, आणि त्या सुखाने रावणाने शिवाच्या वराची जणू परतफेड केली, असा श्लोक आहे. पार्वतीचे कलणे आणि शिवाची स्वस्थता या दोन्हींचा अर्थ इथे लागतो. म्हणून शिल्पकाराने माघ वाचला होता असे नाही. दोघांपुढे एकच रसिक परंपरा होती, एवढेच म्हणणे सुरक्षित.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र याच लेण्यात आहे. मंडपाच्या दक्षिण बाहेरील भिंतीवर रामायणाचे प्रसंग ओळीओळीने कोरले आहेत. तिथला रावण सीता पळवणारा शत्रू आहे. उत्तरेकडच्या ओवरीत लिंगाला आपली मस्तके वाहणारा रावण आहे. आणि मंदिराखाली हा तिसरा. एकाच आवारात शत्रू, आत्मार्पण करणारा आणि कैलास हलवणारा असे तीन रावण असताना, खालच्याला केवळ गर्विष्ठ राक्षस म्हणणे अपुरे पडते. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. उजव्या हाताला मंदिर ठेवून प्रदक्षिणा घालणारा आधी उत्तर बाजूने जातो, म्हणजे मस्तके वाहणाऱ्या रावणाजवळून. दक्षिणेचा रावण त्याला फेरी संपता संपता भेटतो. हा क्रम आखलेला होता असे सिद्ध करणारा लेख नाही. तरी प्रदक्षिणेने येणाऱ्या भाविकाला रावणाची भक्ती आधी आणि बळ नंतर दिसते, ही वस्तुस्थिती राहते.

कालनिश्चितीत एक अडचण आहे आणि ती माझ्या युक्तिवादाला थेट भिडते. लेणे राष्ट्रकूट कृष्ण पहिला (सुमारे 756–773) याच्याशी जोडले जाते, कारण गुजरातेतील राष्ट्रकूट शाखेच्या कर्क सुवर्णवर्षाच्या 812च्या सुमाराच्या बडोदे ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, पर्वतावरील कृष्णराजाच्या मंदिराची स्तुती आहे : विमानातले देव ते पाहून चकित झाले आणि घडवणाऱ्यालाच ‘हे मी कसे केले’ असे वाटले. ताम्रपट राजाचे नाव देतो, रावणाच्या पटाचे नाही. लेणे वरून खाली कोरत आणल्यामुळे तळाकडचे काम क्रमाने शेवटी येते. शिवाय मंदिराच्या पायाजवळचा दगड नंतरही पोखरता येतो. कला-इतिहासकार हेर्मान गोएट्झ यांनी लेण्याचे काम अनेक राजवटींत विभागले, तर पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी बहुतेक मुख्य भाग कृष्णाच्याच काळातला मानला. रावणाचा पट उशिरा कोरला असेल, तर तीन रावणांची योजना एका मनातून आलेली नसेल. पण मग नंतरच्या कोणीतरी आधीचे दोन पाहून तिसऱ्याची जागा ठरवली असेल, आणि भक्तीच्या इतिहासासाठी ती शक्यता अधिकच मोलाची आहे. मूळ आराखड्यापेक्षा अशी भर मंदिर कसे पाहिले जात होते ते जास्त सांगते.

एक गोष्ट आजच्या डोळ्याला सहज फसवते. लेण्यावर एके काळी चुन्याचा गिलावा आणि रंग होता. त्याचे अंश अजून सापडतात, आणि ‘रंगमहाल’ हे जुने नाव त्यामुळेच पडले असे सांगतात. काळ्या बेसाल्टमध्ये आज रावण सावलीत बुडतो. गिलाव्याखाली तोच देह उजळ असता, तर पोकळीचा अंधार त्याच्या मागे राहिला असता, त्याच्यावर नाही. म्हणून ‘अंधारात दडपलेला रावण’ हे वाचन, कितीही परिणामकारक असले, तरी या निबंधात पुरावा म्हणून धरलेले नाही. पोकळीची खोली आणि तिची जागा यांवर मात्र रंग गेल्याने काही परिणाम होत नाही.