विषय: जाण्याआधी एकदा बोलायचं का? (एक्झिट इंटरव्ह्यू, पूर्णपणे ऐच्छिक)

नमस्कार मेघना,

राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र तुम्हाला काल मिळालं असेल. शुक्रवार, 26 जून हा शेवटचा दिवस पक्का आहे. हा मेल मात्र त्या कागदपत्रांपैकी नाही. जाण्याआधी तुमच्याशी निवांत बोलता आलं तर मला आवडेल, आणि ते बोलणं करायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे, एवढंच विचारायला लिहितेय.

एक्झिट इंटरव्ह्यू म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं याची मला कल्पना आहे. शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात नो-ड्यूजचा कागद, अजून दोन सह्या बाकी, आणि समोरचा माणूस 'कामाचं वातावरण' याला पाचपैकी किती गुण देणार ते विचारतोय. अशा वेळी कोणीही 'सगळं छान होतं, चांगली संधी मिळाली म्हणून जातोय' असं लिहून मोकळा होतो. मीही तेच लिहिलं असतं. तो फॉर्म मी तुम्हाला पाठवणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मनात शंका राहिली तर पुढचं सगळंच फुकट जाईल. तुमचं रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं प्रमाणपत्र दोन्ही तयार आहेत आणि त्यांवर आजच सह्या झाल्या आहेत. शेवटच्या दिवशी ती तुमच्या हातात पडतील. फुल अँड फायनलचा हिशोब, म्हणजे शेवटचा पगार आणि शिल्लक रजांचे पैसे, अकाउंट्सकडे आहे. त्याचा आणि या बोलण्याचा काहीही संबंध नाही. तुम्ही आलात, नाही आलात, आलात आणि आम्हाला चार खडे बोल सुनावलेत, तरी त्या कागदांवरचा एक शब्दही बदलणार नाही. पुढे कोणी तुमच्याबद्दल चौकशी केली, तर आम्ही हुद्दा आणि कामाचा कालावधी एवढंच सांगतो. तेही तसंच राहील.

मग हे कशासाठी? डिस्पॅच प्लॅनिंगमध्ये तुम्ही चार वर्षं आहात. गेल्या वर्षी गोदामाच्या शिफ्ट बदलल्या, त्यानंतर त्या टीममधून जाणाऱ्या तुम्ही तिसऱ्या. एक जण गेला तर त्याचं वैयक्तिक कारण असू शकतं. तिघं गेले तर कारण आमच्याकडे शोधायला हवं. आकडे माझ्याकडे आहेत, ओव्हरटाइमचे तक्तेही आहेत. पण शनिवारी रात्री साडेनऊला गाडी बदलल्याचा फोन आला की प्लॅनरला नेमकं काय काय करावं लागतं, हे त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. ते तुम्हाला माहीत आहे.

आधी गेलेल्या दोघांपैकी कोण माझ्याशी बोललं आणि काय बोललं, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या बाबतीतही पुढच्या माणसाला काही सांगणार नाही.

गुप्ततेबद्दल मात्र मला मोठमोठी आश्वासनं द्यायची नाहीत. तुमची टीम सात जणांची आहे. मी नाव काढून टाकलं तरी 'रविवारच्या लोडिंगचा त्रास' असं वाचल्यावर हे कोणी सांगितलं ते ओळखणारी माणसं तिथे आहेत. म्हणून पद्धत अशी ठेवली आहे: बोलताना मी लॅपटॉप उघडत नाही आणि रेकॉर्डिंगही करत नाही, फक्त वहीत टिपणं घेते. दुसऱ्या दिवशी त्यावरून एक पान टाइप करून आधी तुम्हालाच पाठवते. त्यातलं जे तुम्हाला नको असेल ते तुम्ही खोडायचं, का खोडलं हे सांगायची गरज नाही. उरलेलं विभागप्रमुखांकडे कधी जावं, तेही तुम्हीच सांगायचं. तुम्ही गेल्यावर तीन महिन्यांनी चालणार असेल तर तीन महिन्यांनी. टाइप केलेल्या पानाला तुमचा होकार आला की वहीतलं पान मी फाडून टाकते.

याला एकच अपवाद आहे, आणि तो बसल्यावर नाही तर आत्ताच सांगायला हवा. कोणाचा छळ, कोणाच्या जिवाला धोका किंवा पैशांची अफरातफर असं काही तुम्ही सांगितलंत, तर ते ऐकून मला गप्प बसता येणार नाही. ते ठरलेल्या समितीकडे न्यावंच लागेल. पण तेही तुमच्या पाठीमागे नाही. पुढचं पाऊल काय असेल ते तुम्हाला आधी सांगेन.

बोलायला मी असेन, राजेश सर नसतील. राजीनामा देणाऱ्या प्रत्येकाला मी असा मेल पाठवते हे त्यांना माहीत आहे, पण तुम्ही हो म्हणालात की नाही हे माझ्याकडून त्यांना कळणार नाही. एचआरच्या माणसाशीच बोलायला नको वाटत असेल तर तेही मी समजू शकते. गुणवत्ता विभागातल्या स्मिताताईंना मी आधीच विचारून ठेवलं आहे. त्यांचा तुमच्या टीमशी रोजचा संबंध नाही, आणि त्या ऐकून घेतात, मध्येच सल्ले देत नाहीत. (हे दुसरं मला नेहमी जमतंच असं नाही, म्हणून निवड करताना लक्षात घ्या.)

वेळेचं म्हणाल तर शेवटचा आठवडा मी मुद्दामच टाळला आहे. त्या आठवड्यात हँडओव्हर, आयडी कार्ड, निरोप, सगळ्यांचे फोन नंबर घेणं यातून डोकं रिकामं होत नाही. मला मंगळवार 16 जून किंवा गुरुवार 18 जून सोयीचं वाटतं, दोन्ही दिवशी सकाळी साडेअकराला. तोवर तुमची सकाळची गाड्यांची यादी निघालेली असते, आणि दुपारचे फोन सुरू व्हायला अवकाश असतो. पाऊण तास पुरे. हा वेळ कामाच्या वेळेतलाच धरला जाईल, जेवणाच्या सुट्टीतून काढायचा नाही. जागा तिसऱ्या मजल्यावरची ट्रेनिंग रूम. आमच्या केबिनशेजारची काचेची खोली नको, तिथे कोण कोणाशी बोलतंय ते अख्ख्या मजल्याला दिसतं. कॅलेंडरवर मी निमंत्रण टाकणार नाही, कारण तुमच्या टीममध्ये सगळ्यांची कॅलेंडर सगळ्यांना दिसतात. या मेलला तुमचं उत्तर आलं की तीच आपली नोंद.

समोरासमोर नको असेल तर फोनवर बोलू. बोलायलाच नको असेल तर खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवा, दोन ओळी असल्या तरी चालतील. आणि आत्ता नकोच, नवीन ठिकाणी रुळल्यावर बघू असं वाटत असेल तर तोही चांगला पर्याय आहे. थोडं अंतर पडलं की काही राग विरून जातात, काही अधिक स्पष्ट होतात; दोन्ही ऐकायला मला उपयोगाचं आहे. तसं असेल तर तुमचा एखादा वैयक्तिक ईमेल द्या, ऑगस्टमध्ये मी एकदाच विचारेन.

प्रश्न आधीच देते, म्हणजे ऐन वेळी आठवत बसायला नको. यातला कुठलाही सोडला तरी चालेल.

इथून निघावं असं पहिल्यांदा कधी वाटलं? राजीनाम्याचा दिवस नाही, त्याच्या आधीचा. त्या सुमारास काय चाललं होतं?

तेव्हा कोणाला काही सांगून पाहिलं होतंत का, आणि त्याचं पुढे काय झालं?

शिफ्ट बदलल्यावर तुमच्या रोजच्या कामात नेमकं काय वाढलं? त्यातलं काय असं आहे की जे कोणाच्या लक्षातच आलं नसेल?

तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला पहिल्या महिन्यात काय मिळायला हवं, जे तुम्हाला मिळालं नव्हतं?

आणि काही बरं असेल तर तेही सांगा. जे नीट चाललंय ते नकळत मोडायला आम्हाला वेळ लागत नाही.

काय विचारणार नाही तेही लिहिते. नवीन कंपनी कोणती, तिथे पगार किती, हे विचारणार नाही. थांबण्याचा आग्रह करणार नाही, वाढीव पगाराचा कागदही काढणार नाही. तुमचा निर्णय झालेला आहे आणि तो मी तसाच धरते. कोणा सहकाऱ्याबद्दल 'तो कसा आहे' असा प्रश्नही माझ्याकडून येणार नाही. लोडिंगची जी शीट तुम्ही बनवली आहे आणि आता सगळेच वापरतात, ती पुढे कोण सांभाळणार, हा विषयही इथे नको. तो हँडओव्हरचा आहे आणि त्यासाठी राजेश सरांनी वेगळी वेळ ठेवली आहे. दोन्ही एकत्र केलं की पाऊण तास शीटमध्येच जातो, हे पूर्वी झालेलं आहे.

बोलून काही बदलतं का, असं तुम्ही विचाराल, आणि विचारावंच. आतापर्यंतचा हिशोब सांगते. आठवड्याचं रोस्टर शनिवारी रात्री लागायचं ते आता गुरुवारी दुपारी लागतं. ते जाणाऱ्या लोकांनी सांगितल्यामुळेच बदललं. नव्या प्लॅनरला पहिले दोन आठवडे स्वतंत्र गाड्या द्यायच्या नाहीत, हेही तसंच आलं. उलट सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या फोनबद्दल बऱ्याच जणांनी सांगितलं आणि ते अजून सुटलेलं नाही. त्यासाठी एक जागा वाढवावी लागेल, आणि ती अजून मंजूर झालेली नाही. त्यामुळे तुम्ही सांगितलेलं सगळं होईल असं मी म्हणत नाही. तुमच्या पानावरच्या कुठल्या मुद्द्याचं काय झालं, हे ऑक्टोबरच्या अखेरीस तुम्हाला लिहून कळवेन, 'काहीच झालं नाही' असं उत्तर असलं तरी. कळवायला नको असेल तर तसं सांगा.

उत्तर शुक्रवार, 12 जूनपर्यंत आलं तर बरं, म्हणजे खोली राखून ठेवता येईल. 'मंगळवार', 'गुरुवार', 'फोन', 'लिहून', 'ऑगस्ट' किंवा 'स्मिताताई' एवढा एक शब्द लिहिलात तरी पुरे. यायचं नसेल तर उत्तर दिलं नाही तरी चालेल. मी आठवण करणारा मेल पाठवणार नाही, जिन्यात भेटल्यावरही विचारणार नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात अशी नोंद तुमच्या फाइलमध्ये कुठेही राहणार नाही.

लॅपटॉप आणि कार्ड जमा करण्याबद्दलचा मेल 22 तारखेला अ‍ॅडमिनकडून येईल, तो याच्यापासून वेगळा आहे.

शलाका
मनुष्यबळ विभाग